बांबूचे कापड म्हणजे नेमके काय? दुपट्याच्या कापडावरून केलेली तपासणी

पुण्यात बुरुड आळीत एखादा कारागीर कळक उभा चिरत असताना थोडा वेळ थांबून पाहावे. पात्याखालून निघणारी कामटी ताठ असते, तिची कड बोट कापील इतकी धारदार असते आणि तिची टोपली किंवा सूप विणायचे झाले तर ती आधी पाण्यात भिजवून नरम करावी लागते. तिथून दहा-पंधरा मिनिटांवर, रविवार पेठेतल्या एखाद्या कापडाच्या गाळ्यात, त्याच बांबूच्या नावाने विकले जाणारे कापड मात्र हातातून पाण्यासारखे निसटते. या दोन्ही वस्तू एकाच गवतापासून निघतात, हे खरे असू शकते. परंतु त्यांच्यामध्ये एक मोठा रासायनिक कारखाना उभा असतो आणि कापडाचे बहुतेक सर्व गुणदोष त्या कारखान्यात ठरतात.

मी नवजात बाळांची दुपटी, झबली आणि टोपडी शिवून विकते. गेल्या पावसाळ्यात एका व्यापाऱ्याने मला तिरुपूरहून आलेले विणीचे कापड दाखविले. गठ्ठ्यावर '१०० टक्के बांबू, १८० जीएसएम', म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजन, असे लिहिलेले होते आणि व्यापाऱ्याचे म्हणणे असे, की हे कापड नैसर्गिक, जंतुरोधक आणि पर्यावरणपूरक आहे. मी त्यातले दोन मीटर घरी आणून तपासले. असे कापड प्रथमच विकत घेणाऱ्यांना किंवा शिवायला घेणाऱ्यांना तीच तपासणी करता यावी, म्हणून ती येथे क्रमाने मांडते.

पहिली पायरी: नावामागचा पदार्थ ओळखा

बांबूपासून कापड दोन अगदी वेगळ्या मार्गांनी बनते. पहिल्या मार्गात बांबू ठेचून, कुजवून आणि पिंजून त्याच्या धाग्यांचे झुबके वेगळे काढतात, जसे ताग किंवा अंबाडीचे काढतात. हे कापड जाडसर, किंचित खरखरीत आणि लिननच्या जातीचे असते. त्याला मेहनत फार लागते, म्हणून ते महाग असते आणि बाजारात क्वचितच दिसते. दुसरा मार्ग व्हिस्कोसचा आहे. दुकानात जे मऊ, चमकदार, लोंबते कापड 'बांबू' म्हणून मिळते, ते जवळजवळ नेहमी या दुसऱ्या मार्गाने आलेले असते. व्हिस्कोस आणि रेयॉन या शब्दांनी आपल्याकडे एकच पदार्थ ओळखला जातो, आणि कल्याणजवळ शहाडला ज्या प्रकारचा धागा कित्येक दशके बनत आला, तोच हा.

व्हिस्कोसची कृती नवी नाही. क्रॉस, बेवन आणि बीडल या तीन इंग्रज रसायनतज्ज्ञांनी १८९२ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि तिचा गाभा आजही तोच आहे. बांबूचे तुकडे रसायनांमध्ये शिजवून त्यातील लिग्निन, म्हणजे बांबूला ताठपणा देणारा भाग, काढून टाकतात आणि उरलेला लगदा विरंजित करून त्याचे पुठ्ठ्यासारखे पांढरे ताव बनवितात. या टप्प्यावर मूळच्या कोरड्या बांबूपैकी साधारण तिसरा हिस्साच हाती उरतो आणि तो जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचा मूळ पदार्थ, असतो. हे ताव सुमारे १८ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवून पिळतात, त्यांचा चुरा करतात आणि तो काही काळ मुरू देतात. त्यानंतर त्या चुऱ्यावर कार्बन डायसल्फाइड या द्रव्याची प्रक्रिया होते, तेव्हा पांढरा चुरा नारिंगी होतो. तो नारिंगी चुरा सौम्य कॉस्टिक सोड्यात विरघळविला की मधासारखा दाट द्रव तयार होतो, आणि या दाटपणावरूनच व्हिस्कोस हे नाव पडले. शेवटी हा द्रव हजारो सूक्ष्म छिद्रे असलेल्या झाऱ्यातून गंधकाम्लाच्या कुंडात सोडतात. आम्लाचा स्पर्श होताच द्रवातले सेल्युलोज पुन्हा घट्ट होते आणि प्रत्येक छिद्रातून एकेक तंतू बाहेर पडतो. शेव पाडताना साच्यातून उतरलेले पीठ तेलात पडताक्षणी आकार धरते, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

या कृतीतील कळीचा क्षण सेल्युलोज पूर्ण विरघळण्याचा आहे. विरघळल्यावर बांबूच्या तंतूंची मूळची लांबी, जाडी, पोकळी, पृष्ठभाग यांपैकी काहीही उरत नाही. जे पुन्हा घडते त्याचा आकार झाऱ्याच्या छिद्रावरून ठरतो. निलगिरी, पाइन किंवा बीच यांच्या लगद्यापासूनही असाच तंतू निघतो. म्हणूनच अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा कापडाला नुसते 'बांबू' म्हणणे ही दिशाभूल मानली आणि 'बांबूपासून बनविलेले रेयॉन' असे लिहिण्याचा आग्रह धरला. २०१० च्या सुरुवातीला या संस्थेने ७८ विक्रेत्यांना इशाऱ्याची पत्रे पाठविली आणि २०२२ मध्ये दोन मोठ्या दुकान-साखळ्यांनी याच कारणासाठी मिळून ५५ लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

दुसरी पायरी: हाताला जे लागते, त्याचे कारण समजून घ्या

दुकानात कापड गालाला लावून पाहिले की ते थंड आणि रेशमी लागते. यात काही खोटे नाही, फक्त त्याचे श्रेय बांबूला देणे चूक आहे. कापसाचा तंतू सुकताना चपटा होऊन पिळवटतो, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग खडबडीत राहतो. व्हिस्कोसच्या तंतूला असा पीळ नसतो आणि तो गुळगुळीत असतो. शिवाय त्याची जाडी कारखान्यात हवी तितकी बारीक ठेवता येते. प्रक्रियेत सेल्युलोजच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटून बऱ्याच आखूड होतात, म्हणून तंतू लवचीक आणि लुळा होतो व कापडाला सुंदर लोंब येते. याच आखूड साखळ्यांमुळे आणि त्यांच्या सैल रचनेमुळे त्यात पाणीही सहज शिरते: नेहमीच्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, तर व्हिस्कोस १२-१३ टक्के. एप्रिल-मे महिन्यांतल्या पुण्याच्या कोरड्या उन्हात हे कापड अंगाला थंड वाटते, ते त्यामुळेच.

परंतु ज्या सैल रचनेमुळे मऊपणा येतो, तिच्यामुळेच ओले झाल्यावर कापड दुबळे पडते. पाणी तंतूत शिरते, तंतू फुगतो, साखळ्यांमधली पकड सुटते आणि व्हिस्कोसची ताकद जवळजवळ निम्मी होते. कापूस याच्या बरोबर उलट वागतो. ओला झाला की तो थोडा अधिक मजबूत होतो. आपल्या आज्यांनी सुती दुपटी दगडावर आपटून धुतली आणि ती वर्षानुवर्षे टिकली, ती कापसाच्या या गुणामुळे. नव्या माणसाने या कापडाविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवावी, कारण पुढची घरगुती चाचणी आणि धुण्याची सगळी पथ्ये हिच्यावरच उभी आहेत.

तिसरी पायरी: कापडाची कड उसवून पाहा

गठ्ठ्यावरच्या मजकुरावर विसंबण्याआधी मी कापडाच्या कापलेल्या कडेचा धागा ओढून काढला. पांढऱ्या धाग्याबरोबर केसापेक्षा थोडी जाड, पारदर्शक तार बाहेर आली, जी ताणली की रबरासारखी लांब होत होती आणि सोडली की आकसत होती. ही स्पॅन्डेक्सची तार. म्हणजे कापड '१०० टक्के' कशाचेच नव्हते. व्यापाऱ्याला विचारल्यावर त्याने सहज सांगितले, की पाच टक्के स्पॅन्डेक्स असतेच, त्याशिवाय विणीचे कापड आकार धरत नाही. त्याचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या रास्त होते. पण मग ते गठ्ठ्यावर लिहायला हवे होते.

त्यानंतर जाळून पाहण्याची चाचणी करावी. स्पॅन्डेक्सची तार बाजूला काढून उरलेला बोटभर धागा चिमट्यात धरावा, खाली स्टीलचे ताट आणि बाजूला पाण्याचे भांडे ठेवावे आणि धागा ज्योतीजवळ न्यावा. माझा धागा भुरकन पेटला, कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटांत चोळल्यावर नाहीशी होणारी मऊ करडी राख उरली. धागा वितळून कडक काळा मणी झाला असता, तर त्यात पॉलिस्टर असल्याचे कळले असते. या चाचणीची मर्यादा मात्र ध्यानात ठेवा: कापूस, लाकडाचे व्हिस्कोस, बांबूचे व्हिस्कोस हे तिन्ही अगदी असेच जळतात, कारण तिन्ही सेल्युलोजच आहेत. म्हणून या चाचणीने भेसळ कळते, पण बांबू कळत नाही.

चौथी पायरी: ओल्या धाग्याची ताकद मोजा

ही चाचणी मला सर्वांत उपयोगी वाटते आणि तिला घरातल्या वस्तू पुरतात. कापडातून वीतभर लांबीचे दहा धागे काढावेत. एका धाग्याचे वरचे टोक खिडकीच्या गजाला बांधून खालच्या टोकाला लहान प्लॅस्टिकची पिशवी लटकवावी आणि तिच्यात चमच्याने हळूहळू मसूर घालत जावे. धागा तुटला की पिशवी मसुरासकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावी. पाच धागे कोरडे तपासावेत, पाच धागे मिनिटभर पाण्यात बुडवून ओले असतानाच तपासावेत आणि दोन्हींची सरासरी काढावी. धागा गाठीपाशी तुटला तर ते वजन धरू नये, कारण तिथे धागा मुळातच चेपलेला असतो.

माझ्या कापडाचे कोरडे धागे सरासरी २५० ग्रॅमला तुटले आणि ओले १३० ग्रॅमला. तुलनेसाठी घरातल्या जुन्या सुती बनियनचे धागे घेतले, तर ते कोरडे असताना २७० आणि ओले असताना ३०० ग्रॅमपर्यंत टिकले. हे आकडे धाग्याच्या जाडीप्रमाणे बदलतील, म्हणून आकड्यांपेक्षा त्यांचे प्रमाण पाहावे. ओली ताकद निम्म्याच्या आसपास उतरली तर ते व्हिस्कोस आहे. ती वाढली तर कापूस आहे. ती थोडीशीच उतरली तर कापूस-व्हिस्कोसचे मिश्रण असू शकेल किंवा लायोसेल असू शकेल, ज्याविषयी पुढे लिहिले आहे. माझ्या हातातले कापड साधे व्हिस्कोस होते, याविषयी मला आता शंका उरली नाही.

पाचवी पायरी: बेतण्याआधी आटवून घ्या

विणीचे व्हिस्कोस पहिल्या धुण्यात चांगलेच आटते, कारण विणताना आणि गुंडाळताना ताणलेले धागे पाण्यात फुगले की ढिले होऊन मूळ लांबीवर येतात. मी कापडावर गडद दोऱ्याने ५० सेंटिमीटरचा चौकोन टाचून घेतला, कापड कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुतले, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढले आणि पलंगावर सपाट पसरून वाळविले. वाळल्यावर चौकोन उभा ४६.५ आणि आडवा ४८.५ सेंटिमीटर भरला, म्हणजे उभ्यात ७ टक्के आणि आडव्यात ३ टक्के आटला. धुतल्यानंतर ३६ सेंटिमीटर लांबीचे झबले हवे असेल, तर ३६ ला ०.९३ ने भागून ३८.७ सेंटिमीटर बेतावे लागेल. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे सगळेच कापड आधी धुऊन मग बेतणे, आणि मी आता तेच करते. दुसऱ्या धुण्यानंतर पुन्हा मोजले, तेव्हा फरक नगण्य होता.

येथे पुण्याच्या पावसाळ्याचा मुद्दा येतो. हे कापड सुतीपेक्षा जास्त पाणी पिते, म्हणून ते वाळायलाही जास्त वेळ घेते. जुलैत मी एकाच जाडीचे एक सुती आणि एक व्हिस्कोसचे दुपटे गॅलरीतल्या दोरीवर शेजारी टाकले. सुती दुपटे संध्याकाळी वाळले होते, व्हिस्कोसचे दुसऱ्या दिवशी सकाळीही शिवणीपाशी दमट होते आणि दोरीवर लोंबून त्याची एक बाजू ताणली गेली होती. ज्या घरात बाळाचे कपडे दिवसातून सहा वेळा बदलावे लागतात, तिथे हा फरक क्षुल्लक नाही. म्हणून पावसाळ्यातल्या बाळंतिणीला मी लंगोटांसाठी सुती कापडच सुचविते आणि व्हिस्कोस अंगावर पांघरायच्या दुपट्यापुरते ठेवायला सांगते.

सहावी पायरी: प्रत्येक दाव्याला 'हे गवताविषयी आहे की कापडाविषयी?' असे विचारा

बांबू झपाट्याने वाढतो, तोडल्यावर कंदातून पुन्हा फुटतो, त्याला फवारणी फारशी लागत नाही. हे सर्व खरे आहे. मात्र ही गवताची स्तुती आहे. कापडाचा हिशेब लगद्याच्या कारखान्यात सुरू होतो. तंतू बनविताना प्रत्येक किलो सेल्युलोजमागे सुमारे ३०० ग्रॅम कार्बन डायसल्फाइड वापरले जाते. हे द्रव्य लगेच वायुरूप होते आणि दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास मज्जासंस्थेला इजा करते. रेयॉन कारखान्यांतल्या कामगारांना झालेल्या या आजाराचा इतिहास व्हिस्कोसइतकाच जुना आहे. कुंडातल्या आम्लाशी प्रक्रिया होताना हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही सुटतो. चांगले कारखाने हे वायू गोळा करून बरेचसे द्रव्य परत वापरात आणतात, आणि जे तसे करीत नाहीत त्यांच्या भोवतालची हवा आणि पाणी बिघडते. म्हणजे दोन 'बांबू' दुपट्यांपैकी एक बऱ्यापैकी स्वच्छ आणि दुसरे अत्यंत घाण असू शकते, आणि हा फरक बांबूच्या बेटावरून कळत नाही.

आपल्या देशाला याचा अनुभव आहे. केरळात कोळिकोडजवळ मावूर येथे चालियार नदीच्या काठी बांबूपासून रेयॉनसाठी लगदा करणारा कारखाना १९६० च्या दशकात सुरू झाला. कच्चा माल तोच होता, ज्याला आज आपण पर्यावरणपूरक म्हणतो. नदीच्या प्रदूषणाविरुद्ध तिथल्या लोकांनी दीर्घ लढा दिला आणि २००१ मध्ये तो कारखाना कायमचा बंद झाला. मला 'बांबू म्हणून पर्यावरणपूरक' हे वाक्य ऐकवत नाही, ते या कारणाने.

आता उरलेले दावे पाहू. 'जंतुरोधक' हा दावा जिवंत बांबूतल्या द्रव्यांवर बेतलेला आहे. कॉस्टिक, विरंजन आणि आम्ल यांतून गेलेल्या शुद्ध सेल्युलोजमध्ये ती द्रव्ये टिकतात, हे विक्रेत्यांना सिद्ध करता आलेले नाही. बाळाला पुरळ येणार नाही, या भरवशावर हे कापड घेऊ नये. 'मातीत विरघळते' हा दावा व्हिस्कोसपुरता खरा आहे, पण स्पॅन्डेक्सची तार तशी कुजत नाही. 'ऑरगॅनिक' हा शब्द फार तर बांबूच्या लागवडीला लागू होईल, रसायनांतून नव्याने घडविलेल्या तंतूला नाही. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० ही खूण उपयोगी आहे, परंतु ती तयार कापडात घातक द्रव्यांचे अंश ठरावीक मर्यादेत आहेत इतकेच सांगते. कारखान्याने धूर कुठे सोडला, याविषयी ती काहीच सांगत नाही.

खरोखर वेगळी प्रक्रिया हवी असेल, तर 'बांबू लायोसेल' असे स्पष्ट लिहिलेले कापड शोधावे. लायोसेलमध्ये कार्बन डायसल्फाइड लागत नाही; सेल्युलोज एका सेंद्रिय द्रावकात थेट विरघळवितात आणि त्या द्रावकाचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग गोळा करून पुन्हा वापरतात. हे कापड ओले असताना फारसे दुबळे होत नाही, म्हणून मसुराच्या चाचणीत ते वेगळे ओळखू येते. ते महाग असते, आणि तो फरक मला रास्त वाटतो.

शेवटची पायरी: व्यापाऱ्याला दोन प्रश्न विचारा आणि चिठ्ठी लिहा

पहिला प्रश्न: तंतू व्हिस्कोस आहे की लायोसेल? दुसरा: तो कोणत्या गिरणीचा आहे आणि लगदा बांबूचा असल्याचा कागद मिळेल का? बांबूचे आणि लाकडाचे व्हिस्कोस घरगुती चाचणीने वेगळे ओळखता येत नाही, म्हणून या बाबतीत कागदावाचून इलाज नाही. माझ्या व्यापाऱ्याने पहिल्या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'व्हिस्कोसच म्हणायचं, ताई' असे उत्तर दिले. दुसऱ्यासाठी त्याने तिरुपूरला फोन लावला, पण तिथून सूत कुठून आले इतकेच कळले, लगद्याचा पत्ता लागला नाही.

कापड मऊ होते आणि भाव ठीक होता, म्हणून मी बारा मीटर घेतले. ते धुऊन, आटवून त्याची दुपटी शिवली आणि प्रत्येकाला चिठ्ठी लावली: 'व्हिस्कोस ९५ टक्के, स्पॅन्डेक्स ५ टक्के. थंड किंवा कोमट पाण्यात हाताने धुवावे, पिळू नये, घासू नये, सपाट पसरून सावलीत वाळवावे.' बांबूचा कागद न मिळाल्यामुळे तो शब्द मी चिठ्ठीवर घातला नाही.